पॅन, आधार आणि बँक खात्यावरच्या नावाचं स्पेलिंग जुळत नाही: अडकलेले पैसे सोडवण्याचा क्रम

नाव न जुळल्यामुळे व्यवहार अडला की बहुतेक जण पहिली धाव आधार केंद्राकडे घेतात. नेमकी तिथेच चूक होते. आधारवरचं नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं. पॅन आणि बँकेतली नोंद यांना अशी मर्यादा नाही. त्यामुळे दोष बँकेच्या नोंदीत असताना आधार बदललं, की हातातली एक संधी फुकट जाते आणि व्यवहार अडलेला तो अडलेलाच राहतो. म्हणून काही दुरुस्त करण्याआधी कुठली दोन नावं एकमेकांशी ताडून पाहिली गेली आणि त्यातलं कुठलं चुकलं, हे शोधायचं.

मराठी नावांना हा त्रास जास्त का

देवनागरीत नाव एकच असतं. गोंधळ होतो तो रोमन लिपीत उतरवताना. ज्ञानेश्वर हे नाव मराठी माणूस Dnyaneshwar असं लिहितो, पण हिंदी पट्ट्यातून आलेला टंकलेखक किंवा आपोआप लिप्यंतर करणारी प्रणाली Gyaneshwar करते. ऋषिकेशचं Rushikesh, Rishikesh आणि Hrishikesh असं तिन्ही दिसतं. लक्ष्मणमध्ये ksh की x, पवारमध्ये v की w, श्रीकांतमध्ये i की ee, हे ज्या कारकुनाने टाइप केलं त्याच्या सवयीवर ठरलेलं असतं. जुळणी रोमन अक्षरांची होते, त्यामुळे आधार कार्डावरचं मराठी नाव अचूक असलं तरी त्याचा इथे उपयोग नाही.

दुसरं कारण मधल्या नावाचं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. कुठे ते पूर्ण असतं, कुठे एका अक्षरावर भागवलेलं, कुठे गाळलेलं. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलली, तर तीनपैकी दोन शब्द वेगळे होतात. यंत्राच्या लेखी ती दुसरीच व्यक्ती.

तिसरं कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जुनी खाती उघडताना कारकुनाने ‘सौ.’, ‘कु.’, ‘श्री.’ हे नावाच्याच रकान्यात टाइप केलेलं असतं. मग बँकेच्या नोंदीत नाव SAU SUWARNA किंवा KU POOJA असं पडतं. माणसाच्या डोळ्याला ते ‘सौ. सुवर्णा’ दिसतं, पण यंत्र SAU हेच पहिलं नाव धरतं. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या खात्यांवर हे KU नोकरी लागल्यावरही तसंच राहिलेलं असतं. पुरुषांच्या नावापुढचं ‘राव’ आणि बायकांच्या नावापुढचं ‘बाई’ यांचंही तेच: एका कागदावर Laxmibai, दुसऱ्यावर Laxmi, तिसऱ्यावर Laxmi Bai.

आधी खात्री करा, अडथळा खरंच नावाचाच आहे का

‘माझी लाडकी बहीण’सारख्या योजनेचा हप्ता आला नाही की ‘नावात फरक असेल’ असं सर्रास सांगितलं जातं. पण आधारच्या आधारे जमा होणाऱ्या रकमेत नाव पाहिलं जात नाही. बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे आधार क्रमांक आणि बँक यांची एक जोडयादी असते. पैसे आधार क्रमांकावर निघतात आणि त्या यादीत जी बँक दिसेल तिथे जातात. हा हप्ता खात्यात आला नाही, तर आधी `myaadhaar.uidai.gov.in` वर `Bank Seeding Status` पाहा. तिथे भलतीच बँक दिसत असेल किंवा स्थिती `Inactive` असेल, तर प्रश्न जोडणीचा आहे आणि स्पेलिंग बदलून तो सुटणार नाही. नावाचा संबंध येतो तो त्याआधीच्या टप्प्यांवर: अर्जातलं नाव आधारशी पडताळताना, किंवा खात्याला आधार जोडताना बँकेने दोन नावं वेगळी म्हणून अर्ज परत केला तर.

नाव खरोखर पाहिलं जातं अशा जागा वेगळ्या आहेत. आयकराचा परतावा ज्या खात्यात हवा त्याची पूर्वपडताळणी, भविष्य निर्वाह निधीचा दावा, राष्ट्रीय पेन्शन योजनेतून पैसे काढणं, म्युच्युअल फंडाचं केवायसी, आणि पॅन-आधार जोडणी. यांतल्या बऱ्याच ठिकाणी ‘पेनी ड्रॉप’ वापरतात. तुमच्या खात्यात एक रुपया पाठवला जातो, त्याबरोबर बँक खातेदाराचं नाव परत कळवते आणि समोरची प्रणाली ते नाव स्वतःकडच्या नावाशी ताडते. पेन्शन योजनेत ही तपासणी २०२३ पासून सक्तीची आहे.

इथे एक बारकावा आहे, आणि पुढे तो फार कामाला येतो. बँक जे नाव परत कळवते ते तुमच्या पासबुकाच्या मुखपृष्ठावरचं असेलच असं नाही.

तिन्ही नावं एका कागदावर उतरवा

कार्डाकडे बघून नाव लिहू नका. कार्ड छापलं त्या दिवशीची ती स्थिती असते, आणि जुळणी होते ती नोंदीशी.

आधारची नोंद `myAadhaar` वर लॉगिन करून ताजं ई-आधार उतरवून घेतलं की कळते. रोमन अक्षरांतलं नाव अक्षर-अक्षर उतरवा. दोन शब्दांमधली जागा आणि आद्याक्षरापुढचा टिंबही सोडू नका.

पॅनची नोंद तपासायला आयकर विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर पहिल्याच पानावर `Verify PAN Status` ही सोय आहे, लॉगिन लागत नाही. पॅन क्रमांक, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक द्यायचा. ही सोय तुमचं नाव दाखवत नाही, तुम्ही टाकलेलं नाव बरोबर की चूक एवढंच सांगते. म्हणून ती कसोटी म्हणून वापरा. आधारवर आहे तसं नाव टाकून पाहा. जुळत नाही असं उत्तर आलं, तर पॅन कार्डावर छापलेलं नाव टाका. तेही जुळलं नाही तर कार्डावर छापलेलं नाव आणि नोंदीतलं नाव वेगळं आहे. असं होऊ शकतं, कारण पॅनच्या अर्जात पूर्ण नाव आणि ‘कार्डावर छापायचं नाव’ हे दोन वेगळे रकाने असतात.

बँकेच्या नोंदीसाठी सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाच्या यूपीआय ॲपमधून तुमचा खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकून एक रुपया पाठवायचा. पाठवण्याआधी किंवा पावतीवर जे बँकेतलं नाव दिसतं ते टिपून घ्या. पूर्वी ॲप स्वतःकडे साठवलेलं टोपणनाव दाखवायचं. ३० जून २०२५ पासून बँकेच्या नोंदीतलं नाव दाखवणं यूपीआय ॲपना बंधनकारक आहे, त्यामुळे ही चाचणी आता भरवशाची झाली आहे. एनईएफटी करताना नेट बँकिंगमध्ये लाभार्थ्याचं नाव पाहण्याची सोय २०२५ सालीच आली, तीही चालते.

आता तिन्ही नावं एकाखाली एक लिहा. समजा चित्र असं दिसलं:

```
आधार : Suvarna Dnyaneshwar Jadhav
पॅन   : SUVARNA MARUTI SHINDE
बँक   : SAU SUWARNA D JADHAV
```

लहान-मोठ्या लिपीचा फरक सोडून द्या, त्याने काही अडत नाही. इथे खरे फरक चार आहेत. पॅन माहेरच्या नावाचं, बँकेत SAU चिकटलेलं, V च्या जागी W, आणि मधलं नाव एका अक्षरावर आणलेलं. या बाईंचा आयकराचा परतावा अडकला आहे, कारण आयकर विभाग पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव ताडतो आणि त्या दोघांत एकही शब्द जुळत नाही. इथे आधार मध्ये येतच नाही. लग्नानंतर त्यांनी आधार आधीच सासरच्या नावाने करून घेतलं आहे, म्हणजे दोनपैकी एक संधी वापरलेली आहे. उरलेल्या संधीला हात लावायचं काहीच कारण नाही.

कुठलं नाव धरायचं

नियम साधा आहे: ज्या कागदावर नाव बदलणं सगळ्यात अवघड, तो कागद पाया धरा आणि बाकीचे त्याच्याकडे वळवा. वरच्या उदाहरणात तो कागद आधार.

आधारवरचं स्पेलिंगच चुकलेलं असेल आणि दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, पॅन तिन्हीवर एकच बरोबर स्पेलिंग असेल, तर मात्र आधार बदलावंच लागेल. तिथे बाकी तीन कागद बदलण्यात अर्थ नाही. अशा वेळी केंद्रावर जाताना ज्या कागदावर हवं ते स्पेलिंग जसंच्या तसं छापलेलं आहे तो मूळ कागद न्या. तुम्ही मागितलेलं नाव आणि पुराव्यावरचं नाव यांत एका अक्षराचाही फरक असला तर अर्ज परत येतो. पावती छापण्याआधी केंद्रचालक पडद्यावरची नोंद दाखवतो. तेव्हा मराठी आणि रोमन दोन्ही रकाने वाचा, कारण एकात टाइप केलं की दुसरा आपोआप भरला जातो आणि घोळ तिथेच होतो. घाई असेल तर रोमन आधी वाचा. शुल्क ७५ रुपये आहे (ऑक्टोबर २०२५ आधी ५० होतं) आणि ते पावतीवर छापलेलं असतं. त्याहून जास्त देऊ नका.

दोन्ही संधी संपल्या असतील तर केंद्रचालकाच्या हातात काही राहत नाही. आधार प्राधिकरणाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे अपवाद म्हणून विनंती करावी लागते. त्यासाठी १९४७ या क्रमांकावर किंवा `help@uidai.gov.in` वर पावतीचा नोंदणी क्रमांक देऊन सुरुवात करायची.

आणि ज्यांचं लग्न नुकतंच झालं आहे पण अजून एकही कागद बदललेला नाही, त्यांनी आधी एवढं ठरवावं: नाव बदलायचंच आहे का? लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. सगळे कागद माहेरच्या नावाने एकसारखे असतील आणि तसेच राहू दिले, तर यातला एकही त्रास होत नाही. त्रास होतो तो अर्धे बदलून अर्धे ठेवले की.

पॅनची दुरुस्ती

उदाहरणातल्या बाईंचं पहिलं काम पॅन. बँक आधी सुधारली असती तरी आयकराची जुळणी अडलीच असती. शिवाय नाव बदलायला बँक पॅनही मागते आणि जुन्या नावाचं पॅन दिलं की अर्ज बाजूला पडतो.

प्रोटीन आणि यूटीआयआयटीएसएल या पॅनचे अर्ज घेणाऱ्या दोन संस्थांपैकी एकीच्या संकेतस्थळावर पॅनमधील माहिती बदलण्याचा अर्ज भरायचा. भारतातल्या पत्त्यावर कार्ड मागवलं तर १०७ रुपये लागतात. पॅन क्रमांक तोच राहतो. चुकून नव्या पॅनचा अर्ज भरू नका. एका व्यक्तीकडे दोन पॅन असणं दंडाला आमंत्रण आहे.

अर्जात तीन जागी लोक हमखास चुकतात. पहिली जागा म्हणजे रकान्यांचा क्रम. आडनाव आधी, मग पहिलं नाव, मग मधलं नाव. आडनावाच्या रकान्यात SUVARNA गेलं की कार्ड उलटं छापून येतं आणि नवाच घोळ उभा राहतो. दुसरी जागा, रकान्याच्या डाव्या कडेची चौकट. जे बदलायचं त्याच्या चौकटीत खूण करावी लागते. नवीन नाव लिहिलं पण खूण राहिली तर बदल मागितलेलाच नाही असं धरलं जातं, आणि पंधरा दिवसांनी जुन्याच नावाचं ताजं कार्ड हातात पडतं. तिसरी जागा वडिलांच्या नावाची. लग्न झालेल्या बाईच्या पॅनवरही तिथे वडिलांचंच नाव येतं, नवऱ्याचं नाही. उदाहरणात मधलं नाव DNYANESHWAR होईल, पण वडिलांच्या रकान्यात MARUTI SHINDE तसंच राहील. ‘दोन ठिकाणी दोन पुरुष कसे’ म्हणून तो रकाना बदलायला जाऊ नका.

कागदपत्रांत नव्या नावाचं आधार, जुन्या पॅनची प्रत आणि नाव का बदललं याचा पुरावा लागतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र सगळ्यात सरळ. लग्नपत्रिका, नवऱ्याचं नाव असलेला पासपोर्ट, राजपत्रातली सूचना किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा दाखला हेही पर्याय आहेत. ग्रामपंचायतीकडून मिळालेल्या विवाह प्रमाणपत्रावर कधी कधी फक्त मराठी नाव असतं, किंवा रोमनमध्ये भलतंच स्पेलिंग. ते आधारशी जुळतं का हे आधी पाहा. जुळत नसेल तर ज्या कार्यालयाने दिलं तिथूनच दुरुस्त करून घ्या, नाहीतर चौथं रूप तयार होईल.

आधारच्या आधारे कागदाविना ई-केवायसी करण्याचा मार्गही अर्जात दिसतो. त्यात नाव आधारवरून जसंच्या तसं उचललं जातं. फक्त स्पेलिंगचा फरक असेल तर हा मार्ग उत्तम, कारण टाइप करण्यातली चूक उरतच नाही. मात्र आधारवर मधलं नाव नसेल तर पॅनवरही ते येणार नाही, हे ध्यानात ठेवून निवडा.

नवीन नोंद झाली की पुन्हा `Verify PAN Status` वर जाऊन SUVARNA DNYANESHWAR JADHAV टाकून पाहा. तिथे जुळल्याशिवाय बँकेत जायचं नाही. कार्ड टपालाने येण्याची वाट पाहायची गरज नाही, ई-पॅन पुरतं.

पॅन-आधार जोडणीच नावाच्या फरकामुळे अडली असेल तर आणखी एक वाट आहे. पॅन सेवा केंद्रांवर बोटांच्या ठशांनी ओळख पटवून जोडणी करता येते. मुदतीनंतरच्या जोडणीचं १,००० रुपये शुल्क त्याने चुकत नाही. आणि जोडणी झाली तरी दोन्हीकडची नावं वेगळीच राहतात, म्हणजे बँकेच्या कामाला ही वाट पुरत नाही.

बँकेतली दुरुस्ती, आणि ती अर्धवट का राहते

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. मूळ शाखेत जा. दुसऱ्या शाखेत अर्ज घेतला जातो, पण सहीचा नमुना मूळ शाखेत तपासण्यासाठी फिरत राहतो. अर्जाबरोबर आधार, दुरुस्त पॅन आणि आडनाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र द्या. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत हे स्पष्ट आहे: ओळखीचा कागद जारी झाल्यानंतर नाव बदललं असेल तर राज्य शासनाने दिलेलं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली सूचना जोडली की तो कागद ग्राह्य धरायचा. वरच्या बाईंच्या खात्यात आडनाव आधीच JADHAV आहे, म्हणून त्यांना फक्त स्पेलिंग, SAU आणि मधलं नाव दुरुस्त करायचं आहे. त्याला राजपत्र लागत नाही. कुणी मागितलंच तर कुठल्या नियमाखाली, हे लेखी विचारा.

अर्जात ‘नाव दुरुस्त करावे’ एवढंच लिहू नका. हे तीन शब्द शंभर प्रकारे वाचले जातात. असं लिहा:

> सध्याची नोंद: SAU SUWARNA D JADHAV
> हवी असलेली नोंद: SUVARNA DNYANESHWAR JADHAV
> ही दुरुस्ती ग्राहक नोंदीत (सीआयएफ) आणि बचत खाते क्र. … च्या खातेनावात, अशी दोन्हीकडे करावी. ‘SAU’ हे संबोधन नावाच्या रकान्यातून काढावे.

‘दोन्हीकडे’ हा शब्द त्या अर्जाचा जीव आहे. बँकेच्या प्रणालीत ग्राहकाची नोंद एक आणि प्रत्येक खात्याचं नाव वेगळं. कर्मचारी ग्राहकाची नोंद बदलतो, त्याच्या पडद्यावर नवं नाव दिसतं, तो प्रामाणिकपणे ‘झालं’ म्हणून सांगतो. पण खात्याचं नाव जुनंच राहतं, आणि पेनी ड्रॉपमध्ये ते परत जाऊ शकतं. ‘बँक म्हणते दुरुस्त केलं, तरी जुळत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथे येऊन थांबते. त्याच ग्राहक क्रमांकाखाली मुदत ठेव किंवा आवर्ती ठेव असेल तर तिचाही क्रमांक अर्जात टाका, नाहीतर मुदत संपताना हीच फेरी पुन्हा.

दुसरा अडसर लांबीचा. काही जुन्या प्रणालींतून आलेल्या नोंदींत नाव ठरावीक अक्षरांवर कापलं गेलेलं असतं, SUVARNA DNYANESHW असं. दिसायला ही स्पेलिंगची चूक वाटते, पण कारण रकान्याच्या मर्यादेचं असतं. कारकुनाने पुन्हा तेच टाइप केलं की पुन्हा तिथेच कापलं जातं. शाखेत ‘पूर्ण नावाचा रकाना’ भरला आहे का, हे विचारायचं. जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकांत आडनाव आधी लिहिण्याची पद्धत आहे: JADHAV SUVARNA DNYANESHWAR. बऱ्याच जुळण्या शब्दांचा क्रम चालवून घेतात, काही घेत नाहीत. बाकी सगळं जुळूनही एखाद्याच ठिकाणी नकार येत असेल तर संशय क्रमावर घ्या.

संयुक्त खात्यात पहिलं नाव कुणाचं आहे, हेही पाहा. नवऱ्याचं नाव पहिलं आणि बायकोचा परतावा त्याच खात्यात मागितला, तर पहिल्या नावाशी जुळणी होऊन नकार येऊ शकतो. स्पेलिंग कितीही सुधारलं तरी तो हटणार नाही. स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं देणं हाच त्यावर उपाय.

अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तीच एक रुपयाची चाचणी करा. पडद्यावर SUVARNA DNYANESHWAR JADHAV दिसलं की काम झालं. पासबुक नव्याने छापून घेणं हा पुरावा नाही, आधी चाचणी. बँक टोलवाटोलवी करत असेल तर लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदवता येते. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

अडलेला पैसा परत मागवावा लागतो

नावं जुळली म्हणून अडलेला परतावा आपोआप येत नाही. ई-फायलिंगवर लॉगिन करून `My Profile` मध्ये `My Bank Account` उघडा. नापास झालेलं खातं तिथे कारणासह दिसतं. `Re-Validate` करा आणि स्थिती `Validated` झाली की `Services` मधून `Refund Reissue` ची विनंती टाका. पूर्वपडताळणी होण्याआधीच ही विनंती टाकायचा प्रयत्न केला तर ते खातं निवडताच येत नाही, आणि लोकांना वाटतं की संकेतस्थळच बिघडलं.

भविष्य निर्वाह निधीच्या दाव्यात आधी तुमच्या यूएएन या निधी-सदस्य क्रमांकाच्या नोंदीतलं नाव आधारशी जुळवून घ्यावं लागतं, त्यानंतर बँक खात्याचं केवायसी पुन्हा भरायचं. म्युच्युअल फंडात पॅनचं नाव बदलल्यावर केवायसी नोंदीतही बदल कळवा, नाहीतर पुढचा पैसे काढण्याचा अर्ज अडेल. पगारातून कापलेला कर पॅन क्रमांकावर जमा होतो, त्यामुळे मधल्या काळात नाव बदलल्याने तो हरवत नाही. मालकाला नवं नाव कळवलं की पुरे.

प्रतिज्ञापत्राबद्दल

‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करून घेण्याचा सल्ला तहसील कचेरीबाहेरच्या प्रत्येक टेबलावर मिळतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० रुपयांच्या मुद्रांकाची जागा ५०० रुपयांच्या मुद्रांकाने घेतली, त्यामुळे हा सल्ला आता महागही झाला आहे. प्रतिज्ञापत्र माणूस वाचतो, यंत्र वाचत नाही. जुन्या नावाने आलेला धनादेश वटवायचा असेल, मृत खातेदाराच्या खात्यावर वारस म्हणून दावा असेल, जुन्या ठेव पावतीवर वेगळं स्पेलिंग असेल, तर समोर निर्णय घेणारा अधिकारी असतो आणि तिथे त्याचा उपयोग होतो. पेनी ड्रॉप किंवा पॅन पडताळणीपुढे ते कुठे जोडायची जागाच नसते. कुठल्या कामासाठी हवं आहे हे संबंधित शाखेकडून लिहून घेतल्याशिवाय मुद्रांक विकत घेऊ नका.

राजपत्राचंही तसंच. पहिलं नावच बदलायचं असेल (सुवर्णाची सायली), किंवा घटस्फोटानंतर वेगळंच आडनाव घ्यायचं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात सूचना द्यावी लागते. त्याचा अर्ज `dgps.maharashtra.gov.in` वर ऑनलाइन भरता येतो. सूचनेतलं स्पेलिंग छापण्याआधी तीनदा वाचा, कारण पुढे सगळे कागद तिच्यावरून बदलणार असतात आणि चूक झाली तर दुरुस्तीची नवी सूचना काढावी लागते. एका अक्षराच्या फरकासाठी मात्र राजपत्र काढणं म्हणजे डास मारायला तोफ.